४८ किलोंची बोटं, ५६ किलोंची मुलगी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मृण्मयी (नाव बदललं आहे) क्लाइंबिंगच्या कृत्रिम भिंतीवर, म्हणजे वॉलवर आली ती डाव्या हाताच्या अनामिकेला पट्टी गुंडाळूनच. वय २९, वजन ५६ किलो, दिवसभर बँकेत खुर्चीवर. क्लाइंबिंग सुरू करून सात महिने झालेले. पावसाळाभर आठवड्यातून चार दिवस वॉल, शिवाय जुलैपासून घरी दाराच्या चौकटीवर हँगबोर्ड, म्हणजे बोटांनी लटकायची कडांची फळी. "दादा, बोटं कमजोर आहेत माझी. छोटे होल्ड आले की सुटतात. म्हणून बोर्डवर लटकते रोज, पण आता बोटच दुखायला लागलंय," ती म्हणाली. जाता जाता उजव्या खांद्याचंही सांगितलं. हात बाजूला, खांद्याच्या वर नेऊन होल्ड बाहेरच्या दिशेला दाबायचा असला की खांद्याच्या पुढच्या भागात खुपतं.

मी बऱ्याच वर्षांपासून नवशिक्यांना वॉलवर चढायला शिकवतो. हे दुखणं आणि तिने सांगितलेलं कारण, दोन्ही मी इतक्या वेळा ऐकलंय की आधी काही मोजून बघायच्या ऐवजी मीही "कमजोर बोटं" असंच धरून चाललो असतो. या वेळी मोजलं, आणि हिशेब वेगळाच निघाला.

आधी बोट तपासलं. दुखणं बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, अंगठ्याने दाबल्यावर दहापैकी तीन. सूज नाही, बोट पूर्ण मिटतं, पूर्ण उघडतं. चढताना कधी "टक्" असा आवाज आला होता का, हे मी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी विचारलं, कारण हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा असतो. आवाज आला असता, लगेच सूज आली असती, किंवा बोट वाकवल्यावर कातडीखाली दोरी ताणल्यासारखा उंचवटा दिसला असता तर कार्यक्रम वगैरे काही न बोलता तिला हाताच्या सर्जनकडे सोनोग्राफीसाठी पाठवलं असतं. तसं काहीच नव्हतं. अति वापराने कुरकुरणारं बोट होतं.

त्या जागी नेमकं काय असतं ते तिला पायजम्यावरून सांगितलं. बोट वाकवणारा स्नायू बोटात नसतोच, तो कोपराखाली हातात असतो. तिथून निघालेली टेंडन बोटभर धावते ती नेफ्यातल्या नाडीसारखी. नेफा म्हणजे पुली, हाडाला शिवलेले छोटे पट्टे. त्यातला बोटाच्या मुळाजवळचा, ए-टू म्हणतात तो, सगळ्यात मोठा आणि चढणाऱ्यांचा सगळ्यात जास्त दुखावणारा. बोट सरळसर असेल तर नाडी नेफ्यात निवांत पडून राहते. मधला सांधा काटकोनापेक्षा जास्त दुमडला, शेवटचं पेर मागे वाकलं आणि वरून अंगठा घट्ट लावला, म्हणजे फुल क्रिम्प केला, की नाडी हाडापासून उचलायला बघते आणि सगळा ताण त्या शिवणीवर येतो. स्नायू काही आठवड्यांत बळावतो. टेंडन आणि पुलीला महिने लागतात. त्यामुळे सहा-सात महिने चढलेल्या माणसाचा हात इतका ओढू शकतो की बोटाचा नेफा अजून त्याला तयार झालेला नसतो.

मग मोजणी. सामान अगदी साधं होतं. २० मिलिमीटर खोल कड असलेला, हातात धरायचा लाकडी ठोकळा, त्याला ओवलेली जाड दोरी, एक कॅरॅबिनर, आणि प्रवासाच्या बॅगा तोलायला वापरतात तो आकड्याचा डिजिटल काटा. काटा खाली ४० किलोंच्या डंबेलला बांधला, वर ठोकळा. उभं राहून, हात सरळ ठेवून, हाफ क्रिम्पमध्ये, म्हणजे मधला सांधा काटकोनात आणि अंगठा बाजूला मोकळा, हळूहळू जोर वाढवत न्यायचा. झटका नाही. पाच सेकंद टिकेल असा सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. मी बाजूला वाकून फक्त मधल्या सांध्याकडे बघत होतो. सांधा उघडायला लागला की थांब, दुखणं दोनच्या वर गेलं तरी थांब.

उजवा हात २६ किलो, डावा २२. डाव्याला दुखणं एकवर होतं, म्हणजे आकडा दुखण्यामुळे नव्हे, ताकदीमुळेच थांबला. दोन्हींची बेरीज ४८.

तिचं वजन ५६. काट्यावर खेचणं आणि बोर्डवर लटकणं अगदी एकच नव्हे, बेरीजही ढोबळच, पण हिशेबाला एवढं पुरतं. हाफ क्रिम्पमध्ये स्वतःचं वजन पेलायला तिला आठ किलो कमी पडत होते. तरी जुलैपासून ती त्याच २० मिलिमीटरच्या कडेवर दहा-दहा सेकंद लटकत होती. मग लटकत होती कशी? मी तिला म्हटलं, बोर्डवर पकडतेस तशी पकड करून दाखव. तिने हात वर नेला आणि नकळत अंगठा तर्जनीवर चढवला. फुल क्रिम्प. त्या पकडीत कडेवर जास्त जोर लागतो, म्हणून वजन पेललं जात होतं, आणि कमी पडलेल्या आठ किलोंचं बिल रोज ए-टू पुलीच्या नावावर फाटत होतं. नुसत्या बोर्डला वजन कमी करायची सोय नसते. पाय कुठे टेकवले नाहीत तर नवशिक्याला तो पहिल्या दिवसापासून शंभर टक्के भार देतो, आणि हिचे शंभर टक्के तर तिच्या कमाल ताकदीपेक्षाही वर होते. या कामात दिवसाला शंभर टक्क्यांच्या पुढे जाणारं वेळापत्रक मी कुणालाही दिलं नसतं, पण ते दाराच्या चौकटीवर टांगलेलं असलं की कुणाच्या लक्षात येत नाही.

(सतरा-अठराच्या आतल्या मुलांना तर मी बोर्ड आणि फुल क्रिम्पचा सराव देतच नाही. त्यांच्या बोटांच्या हाडांची वाढीची टोकं अजून मऊ असतात आणि तिथे वेगळीच इजा होते.)

खांद्याचीही मोजणी त्याच काट्यावर केली. कोपर काटकोनात वाकवून कमरेला टेकवलेलं, काटा खांबाला बांधलेला. हात पोटाकडे आत खेचला तर उजवीकडे ११ किलो, बाहेर खेचला तर ६. खांदा बाहेर फिरवणारा जोर आत फिरवणाऱ्या जोराच्या निदान दोन तृतीयांश असावा, असं ढोबळ माप आहे. तिचा जेमतेम पंचावन्न टक्के भरला. डावीकडे साडेदहा आणि साडेसहा, जरा बरं. ओढायची ताकद सोसायटीच्या जिममधल्या लॅट पुलडाऊनवर पाहिली, ३५ किलो, पाच वेळा. मशीनवरचा हा आकडा त्याच मशीनपुरता खरा, दुसऱ्या जिममधल्या मशीनवर तोच माणूस ४५ ओढतो. पुल-अप एकही नाही.

जिममधल्या ट्रेनरने खांद्याचं ऐकून तिला आधीच सल्ला दिला होता, "मॅडम, तुम्ही खूप ओढता, म्हणून बॅलन्ससाठी बेंच प्रेस वाढवा." ऐकायला बिनतोड वाटतं. ओढण्याच्या विरुद्ध ढकलणं. पण खांदा हा पुढे-मागे सरकणारा ड्रॉवर नाही, तो फिरणारा गोळा आहे. लॅट्स, म्हणजे ओढणारा पाठीचा रुंद स्नायू, दंड आत फिरवतो. छातीचा मोठा स्नायू, ज्यावर बेंच प्रेस चालतो, तोही दंड आतच फिरवतो. दोघे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला काम करतात हे खरं, पण फिरवण्याच्या बाबतीत एकाच पार्टीत आहेत. बेंच प्रेसने तिचे ११ चे १३ झाले असते आणि ६ तिथेच राहिले असते. विरोधी पक्षात आहेत ते खांद्याच्या पात्यामागचे दोन लहान स्नायू. ते गोळ्याला मागे, खोबणीच्या मध्यावर धरून ठेवतात. ते मागे पडले की गोळा पुढे घसरतो, आणि हात बाजूला वर नेऊन दाबलं की पुढच्या बाजूला खुपतं. मृण्मयीचं अगदी हेच होत होतं. खांद्याचा तोल म्हणजे "जेवढं ओढलं तेवढं ढकल" हा हिशेब नाही.

आता कार्यक्रम. पहिली गोष्ट मी काढून टाकली, घातली नाही. बोर्ड दारावरून उतरवला. वॉलचे चार दिवस दोनवर आणले, मंगळवार आणि शनिवार. ती नाराज झाली. पण वॉलवरचा प्रत्येक दिवस हा बोटांचाच व्यायाम असतो. त्यावर काही ठेवायचं तर आधी खालची जागा रिकामी करायला लागते. वॉलवर फुल क्रिम्प बंद. छोट्या कडेवर हाफ क्रिम्पने टिकत नसेल तर तो रूट सोडून द्यायचा.

बोटांचं काम मंगळवारी वॉलच्या आधी आणि गुरुवारी जिममध्ये. तोच लाकडी ठोकळा, पण आता लटकायचं नाही, जमिनीवरून उचलायचं. ठोकळ्याच्या दोरीला वजन अडकवायचं, गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून, हाफ क्रिम्पमध्ये वजन जमिनीपासून बोटभर वर उचलायचं आणि दहा सेकंद धरायचं. प्रत्येक हाताने पाच वेळा, हात आलटून पालटून, मध्ये मिनिटभर विसावा. त्याआधी अर्ध्या वजनाने दोन-तीन उचली, बोटं गरम व्हायला. सुरुवातीचा भार कमालीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, उजव्याला १५ किलो, डाव्याला १३.

इथे पहिलीच अडचण आली. जिममधल्या प्लेट्स अडीच-अडीच किलोंनी वाढतात. १३ वरून साडेपंधरा म्हणजे एका उडीत जवळपास वीस टक्के, बरं नसलेल्या बोटाला हे फार होतं. म्हणून दोरीला साडेबारा किलोंची प्लेट आणि सोबत एक कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा किलो, लिटरची म्हणजे एक किलो. बँकेतली मुलगी, तिला हा बाटल्यांचा जमाखर्च भलताच आवडला. वहीत "डा. १२.५ + १ अर्धी" अशा नोंदी करायची.

वजन उचललं जातंय की नाही हे बघायचंच नव्हतं, सांधा कसा राहतोय हे बघायचं होतं. फोन बाजूला टेकवून बोटांच्या उंचीवर ठेवायचा आणि रेकॉर्ड करायचं. मधला सांधा काटकोनातून उघडायला लागला, करंगळी कडेवरून सुटली, मनगट आत वाकलं किंवा अंगठा वर चढला, तर ती उचल संपली, दहा सेकंद झाले असोत वा चार. पहिल्या गुरुवारच्या व्हिडिओत डाव्या हाताची चौथी उचल आठव्या सेकंदाला उघडलेली स्पष्ट दिसते. तिला स्वतःला ते कळलंही नव्हतं. "मला तर घट्टच वाटत होतं, दादा." म्हणून दुसऱ्या आठवड्यातही वजन तेच ठेवलं, आणि पाचही उचली स्वच्छ झाल्यावरच अर्धा किलो वाढवला. नियम एवढाच होता. दोन्ही दिवस पाचही उचली न उघडता झाल्या तर पुढच्या आठवड्यात अर्धा किंवा एक किलो, नाहीतर नाही.

सकाळी दात घासायच्या आधी अनामिकेच्या मुळाशी अंगठ्याने दाबून दहापैकी आकडा लिहायचा. व्यायामादरम्यान दोनपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळचा आकडा आदल्या सकाळपेक्षा चढला तर पुढची खेप हलकी. आठ आठवड्यांचे निर्णय याच आकड्यावर झाले. सांध्याचा व्हिडिओ आणि हा सकाळचा आकडा, एवढ्यावर माझं काम भागतं. बोटं उघडायचे रबर बँड, पिळायचे चेंडू यांना माझी हरकत नाही, गरम व्हायला बरे. पण त्याने पुलीला काही मिळत नाही. ती मजबूत होते ती तिच्यावर मोजका ताण पुन्हा पुन्हा आल्यानेच.

ओढण्याचं काम गुरुवारी बोटांनंतर आणि रविवारी सकाळी. बारवर लटकून फक्त खांद्याची पाती खाली-मागे ओढायची, कोपर न वाकवता, आठ वेळा, दोन फेऱ्या, पाय खाली स्टुलावर टेकवलेले. मग पुलडाऊन, सहा ते आठ वेळा, तीन फेऱ्या. मग एका हाताने डंबेल रोइंग. पुल-अपला रबर बँडची मदत जिममध्ये सर्रास देतात, मी टाळली. बँड खाली सगळ्यात जास्त ताणलेला असतो, म्हणून मदतही तिथेच सगळ्यात जास्त करतो. क्लाइंबरला नेमकं तिथेच, हात सरळ असतानाच, खांदा आपल्या ताब्यात ठेवायला शिकायचं असतं. स्टुलावरच्या पायाने आपल्याला हवी तेवढीच मदत घेता येते.

खांद्यासाठी दोनच व्यायाम पक्के ठेवले, बाकी सगळे वगळले. पहिला बाहेर फिरवण्याचा. बेंचवर बसून एक पाय वर घ्यायचा, कोपर गुडघ्यावर टेकवायचं, हातात दोन किलोंचा डंबेल, हात वर नेऊन तीन सेकंदांत हळूहळू खाली. दहा वेळा, तीन फेऱ्या. गमतीची गोष्ट म्हणजे ३५ किलो ओढणारी ही मुलगी या दोन किलोंना आठव्या वेळेला थरथरायला लागली. दुसरा, तिरक्या बेंचवर पालथं पडून हात इंग्रजी वायसारखे वर उचलायचे, एक-एक किलो घेऊन, पात्याच्या खालच्या भागासाठी. त्यात खांदे कानाकडे चढले तर व्यायाम वरच्या मानेचा होतो, म्हणून वजन वाढवायची घाई नाही. शेवटी पुश-अप्सची एक फेरी, वर आल्यावर जमीन आणखी दूर ढकलून पाती पसरवायची, एवढंच. बेंच प्रेस करायचाच असेल तर कर म्हटलं, पण तो खांद्यावरचं औषध म्हणून धरू नकोस. तिने तो सोडून दिला.

तिसऱ्या आठवड्यात चूक माझी झाली. बोट शांत, सकाळचा आकडा एकवर, मला उत्साह चढला. पुल-अप लवकर यावा म्हणून रविवारी बारवरून पाच सेकंदांत हळूहळू उतरायच्या पाच उतरणी, तीन फेऱ्या लावल्या. आदल्या संध्याकाळी दीड तास वॉल झालेला. सोमवारी ठीक होती. मंगळवारी वॉलवर पहिलाच मोठा होल्ड ओढताना उजव्या कोपराच्या आतल्या हाडापाशी खेचलं. दाराची कडी फिरवतानाही लागायचं. मनगट वाकवणारे बरेचसे स्नायू आणि बोटं मिटणारा एक मोठा स्नायू याच हाडापासून निघतात, त्यामुळे त्या जागेला बोटांचाही भार लागतो, ओढण्याचाही, आणि मी एकाच शनिवार-रविवारी दोन्ही लादले. जड वजन हळू उतरवणं हे स्नायूसाठी उत्तम काम, म्हणूनच त्याची किंमतही जास्त. पंधरा उतरणी तिच्यासाठी फारच होत्या, मुळात त्या शनिवारनंतर ठेवायलाच नको होत्या.

उपाय साधाच. दहा दिवस उतरणी बंद. पुलडाऊनला तळवे समोरासमोर येणारा छोटा दांडा लावला, आडव्या दांड्यापेक्षा कोपराला तो सोसवतो. वजन ३० वर आणलं. बोटांच्या उचली बंद केल्या नाहीत, कारण त्यांनी कोपरात काही होत नव्हतं, आणि दुखतंय म्हणून सगळंच थांबवलं की परत सुरू करताना तीच धडपड होते. दहा दिवसांनी कडी फिरवताना दुखायचं थांबलं तेव्हा उतरणी परत आणल्या, पण एकाच फेरीत तीन, आणि गुरुवारी, म्हणजे आदला दिवस विश्रांतीचा आणि पुढचाही.

सहाव्या आठवड्यात दुसरा धक्का बसला, तो मात्र तिचा. पाऊस उलटून महिना झाला होता, कातळ सुकले होते, मित्रमंडळींचा रविवारी सह्याद्रीत जायचा बेत ठरला. वॉलवरचे होल्ड गोलसर, जाड. आपला बसाल्ट बराचसा उभा आणि धारदार कडांचा, जिथे नखभर धार सापडते आणि पाय फार उंचावर असतो. पकड बारीक झाली की अंगठा आपसूक वर चढतो. "एकाच मूव्हला केलं दादा, फुल क्रिम्प. पडले असते नाहीतर." पडली असती तरी चाललं असतं, वरून दोर होता. सोमवारी सकाळचा आकडा तीन, मंगळवारी तीन, बुधवारी दोन. त्या आठवड्यात डाव्या हाताचं वजन १५ वरून १३ वर आणलं, वॉलवर फक्त मोठे होल्ड. पुढच्या मंगळवारी आकडा एक. इथे वहीचा उपयोग कळला. तीन आकडा तीन दिवसांत उतरला याचा अर्थ शिवण उसवली नव्हती, चिडली होती. आठवडाभर तोच राहिला असता तर मी तिला सोनोग्राफीला पाठवलं असतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तीच मोजणी, तोच ठोकळा, तोच काटा, तीच वेळ. उजवा ३०, डावा २६. आत ओढणं उजवीकडे साडेअकरा, बाहेर साडेसात, म्हणजे प्रमाण पंचावन्नवरून पासष्टच्या आसपास. खांदा बाजूला नेऊन दाबल्यावर आता खुपत नाही, फक्त तीन-चार तास चढून झाल्यावर जड वाटतो. पुलडाऊन ४० किलो, सहा वेळा. पुल-अप अजून नाही. बारवरून आठ सेकंदांत सावकाश उतरते, अर्ध्यापर्यंत वर जाते. आठ आठवड्यांत पुल-अप येईल असं मी तिला म्हटलंही नव्हतं.

या आकड्यांतलं सगळं श्रेय उचलींचं नाही. पहिल्या दोन आठवड्यांत माणूस काट्यावर जोर लावायचंच शिकतो, आकडा त्यानेही चढतो. शिवाय दोन दिवस वॉल कमी झालं, म्हणजे बोटांना विसावा मिळाला, त्याने डाव्याचं दुखणं किती गेलं आणि मोजक्या भाराने किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. दोन्ही हातांतला फरक तर चार किलोंचा तो तसाच राहिला. डाव्याला वेगळी उचल देऊन तो भरून काढावा की नाही यावर आमचं एकमत नाही. मला वाटतं बरं होत असलेल्या बोटाला शर्यतीत उतरवू नये.

मोजणी संपली तेव्हा तिने वहीत बेरीज केली आणि मान वर केली. "दादा, ३० आणि २६, छप्पन्न. माझं वजन छप्पन्नच आहे. आता बोर्ड लावू?"

मी तिला उलटा हिशेब करायला लावला. छप्पन्न म्हणजे एका क्षणापुरतं कसंबसं लटकता येईल, तेही ढोबळ बेरजेने. दहा सेकंदांच्या पाच फेऱ्या आपण कमालीच्या पासष्ट टक्क्यांच्या आसपास करतो. ५६ किलो हे पासष्ट टक्के व्हायला दोन्ही हातांची बेरीज ८६ हवी. तिने कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, ८६.१५ आलं, आणि ओठ मुडपले.

पुढच्या आठ आठवड्यांत एकच बदल आहे. गुरुवारच्या उचलींतल्या दोन हाफ क्रिम्पऐवजी उघड्या हाताने, तीन बोटांवर, त्यासाठी वजन वेगळं मोजून, सुरुवात पुन्हा साठ टक्क्यांनी. बाकी हाफ क्रिम्पच्या उचली उजव्याला २० किलो, डाव्याला १७, शनिवारी वॉल, रविवारी जिम. बोर्ड माळ्यावर आहे.